सत्ताधारी हरू शकतो का?

२०१९ च्या सुमारास हंगेरीत कोणत्या प्रकारची राजवट होती, हे वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदींत शोधले तर एकमेकांशी न जुळणारी उत्तरे मिळतात. अमेरिकेतली फ्रीडम हाउस ही संस्था त्या वर्षी हंगेरीला ‘अंशतः मुक्त’ या गटात टाकते. युरोपीय संघातल्या एखाद्या देशावर तशी वेळ प्रथमच आली होती. लंडनची इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट तिला ‘सदोष लोकशाही’ म्हणते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प २०२० च्या अहवालात सांगतो की, हंगेरी आता लोकशाहीच राहिलेली नाही, ती ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ झाली आहे. आणि पॉलिटी या जुन्या अमेरिकी मापनात, म्हणजे उणे १० ते अधिक १० या पट्टीवर, त्याच देशाला २०१८ पर्यंत पूर्ण १० गुण आहेत.

देश एक, काळ जवळपास एक, तरी निकाल इतके वेगळे कसे? यातली एकही संस्था आकडे बनवत नाही. प्रत्येकीने लोकशाही या शब्दाचा वेगळा अर्थ धरला आहे आणि त्या अर्थाला साजेशी वेगळी मोजपट्टी वापरली आहे. त्यामुळे राजवटींचे प्रकार समजून घ्यायचे तर व्याख्या आणि मोजणी या दोन्ही एकत्र पाहाव्या लागतात.

तीन प्रकार, एक कसोटी

योसेफ शुंपेटर यांनी १९४२ मध्ये लोकशाहीची अगदी काटकसरीची व्याख्या केली. मतांसाठी खुली स्पर्धा करून राज्य करण्याचा अधिकार मिळवण्याची पद्धत म्हणजे लोकशाही, असा तिचा गाभा आहे. रॉबर्ट डाल यांनी १९७१ मध्ये या व्याख्येला दोन बाजू असल्याचे दाखवले. पहिली बाजू स्पर्धेची: सत्तेला उघडपणे विरोध करता येतो का? दुसरी सहभागाची: त्या स्पर्धेत किती लोकांना भाग घेता येतो? या दोन बाजू खरोखर वेगळ्या आहेत. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या पक्षांमध्ये खरी स्पर्धा होती, पण बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतच नव्हते. सोव्हिएत संघात जवळपास प्रत्येक प्रौढ मतदान करत असे, पण निवडायला दुसरा पक्ष नव्हता. एकीकडे स्पर्धा होती, दुसरीकडे सहभाग होता, आणि लोकशाही दोन्हीकडे नव्हती.

एकाधिकारशाही म्हणजे काय, याची नेटकी मांडणी हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनवरच्या लेखात केली. हिटलर किंवा स्टालिन यांच्या सर्वंकष राजवटींपेक्षा फ्रँकोची राजवट वेगळी असल्याचे त्यांनी दाखवले. तिला प्रत्येक माणसाचे मन बदलायचे नव्हते. चर्च, सैन्य, उद्योगपती यांना थोडी मोकळीक होती, मात्र ती मर्यादेपर्यंतच. लोकांनी रस्त्यावर उतरून जयजयकार करावा यापेक्षा त्यांनी राजकारणापासून दूर राहावे, हे अशा राजवटीला अधिक सोयीचे असते. आजच्या सौदी अरेबियात राष्ट्रीय विधिमंडळाची निवडणूक होत नाही आणि चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाला आव्हान देणारा पक्ष काढता येत नाही. अशा बंदिस्त राजवटी ओळखायला निर्देशांकाची फारशी गरजही लागत नाही.

खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. शीतयुद्ध संपल्यावर निवडणूक न घेणे राज्यकर्त्यांना महाग पडू लागले. परदेशी मदत, कर्जे, प्रतिष्ठा या सगळ्यांसाठी मतपेटी दाखवणे भाग होते. त्यामुळे निवडणुका नियमित होतात, विरोधी पक्ष कायदेशीर आहेत, संसद भरते, पण सत्ताधारी क्वचितच हरतो, अशा राजवटी १९९० नंतर झपाट्याने वाढल्या. सुरुवातीला अभ्यासकांनी त्यांना लोकशाहीच्या वाटेवरच्या राजवटी मानले आणि काही वर्षांत त्या मुक्कामाला पोहोचतील अशी अपेक्षा धरली. स्टीव्हन लेव्हित्स्की आणि ल्युकन वे यांनी २००२ मध्ये या समजुतीला छेद दिला. या राजवटी वाटेत अडकलेल्या नाहीत, हा एक स्वतंत्र आणि टिकाऊ प्रकार आहे, असे त्यांनी म्हटले आणि त्याला ‘स्पर्धात्मक एकाधिकारशाही’ हे नाव दिले. व्यापक अर्थाने आपण त्यांना संमिश्र राजवटी म्हणू.

त्यांची कसोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. बंदिस्त एकाधिकारशाहीत विरोधकाला सामनाच खेळू दिला जात नाही. लोकशाहीत सामना होतो आणि मैदान बऱ्यापैकी सपाट असते. संमिश्र राजवटीत सामना खरा असतो, पण मैदान एका बाजूला उतरते असते. विरोधक जिंकू शकतो, मात्र त्यासाठी त्याला दर खेपेला चढावर धावावे लागते. हा उतार किती, हे मोजणे म्हणजेच वर्गवारीचा सगळा उद्योग.

मोजण्याच्या दोन रीती

पहिली रीत डोळ्यांना दिसणाऱ्या घटनांवर भर देते. अ‍ॅडम प्रझेवोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधे नियम घेतले. शासनप्रमुख आणि विधिमंडळ निवडून येतात का? एकाहून अधिक पक्ष आहेत का? आणि ज्या नियमांखाली सत्ताधारी निवडून आला, त्याच नियमांखाली तो कधी हरून पायउतार झाला आहे का? या शेवटच्या नियमाची ताकद म्हणजे त्यात कुणाच्या मताला वाव नाही. हे नियम वाचून कोणीही यादी तपासू शकतो.

त्याची मर्यादा बोट्स्वानाने दाखवून दिली. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून तिथे एकच पक्ष प्रत्येक निवडणूक जिंकत आला. निवडणुका वेळेवर होत, न्यायालये चालत, टीका करता येई. पण सत्तांतर झालेले नसल्यामुळे या नियमाने बोट्स्वानाला हुकूमशाहीच्या यादीत बसवले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो पक्ष ५८ वर्षांनी हरला, अध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी यांनी पराभव मान्य केला आणि काही दिवसांत डुमा बोको यांनी सूत्रे घेतली. बोट्स्वानाचा सत्ताधारी हरल्यावर जाईल की नाही, हे तोपर्यंत सिद्ध करण्याचा मार्गच नव्हता. प्रझेवोर्स्की गटाला ही अडचण ठाऊक होती. काही लोकशाह्या चुकून हुकूमशाहीत मोजल्या गेल्या तरी चालेल, पण चूक नेहमी एकाच दिशेने व्हावी, असे त्यांनी जाणीवपूर्वक ठरवले होते.

दुसरी रीत जाणकारांच्या मूल्यमापनाची. फ्रीडम हाउस २५ प्रश्न विचारते. त्यातले १० राजकीय हक्कांचे आणि १५ नागरी स्वातंत्र्यांचे असतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणून एकूण १०० पैकी बेरीज. इकॉनॉमिस्टचा गट ६० प्रश्नांची उत्तरे पाच गटांत मांडतो: निवडणूक आणि बहुपक्षीयता, शासनाचे कामकाज, राजकीय सहभाग, राजकीय संस्कृती आणि नागरी स्वातंत्र्ये. सरासरी ८ च्या वर गेली तर पूर्ण लोकशाही, ६ ते ८ सदोष, ४ ते ६ संमिश्र आणि त्याखाली एकाधिकारशाही.

व्ही-डेमची पद्धत सर्वांत गुंतागुंतीची आहे. एकेका देशाच्या एकेका प्रश्नावर ते साधारण पाच किंवा त्याहून अधिक जाणकारांकडून स्वतंत्रपणे उत्तरे घेतात. एखादा जाणकार स्वभावाने कडक, तर दुसरा सढळ असतो. हा फरक ओळखण्यासाठी सर्वांना काही काल्पनिक देशांची वर्णने देऊन त्यांनाही गुण द्यायला सांगतात. मग सांख्यिकी पद्धतीने गुण एका पातळीवर आणले जातात आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या अनिश्चिततेचा पट्टाही दिला जातो. डाल यांच्या कल्पनेवर आधारलेल्या त्यांच्या मुख्य निर्देशांकाचे पाच घटक आहेत: निवडून आलेले राज्यकर्ते, मताधिकार, स्वच्छ निवडणूक, संघटनेचे स्वातंत्र्य आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. ० ते १ या पट्टीवर ०.५ ही रेषा ओलांडली आणि निवडणूक बहुपक्षीय व बऱ्यापैकी मुक्त असली, तर देश लोकशाहीत मोजला जातो. त्यापुढे न्यायालये आणि संसद सरकारला आवर घालतात का, हे पाहून ती निव्वळ निवडणूकप्रधान आहे की उदारमतवादी, हे ठरते.

मैदान कसे कलते: हंगेरी, २०१० ते २०२२

आता हंगेरीकडे वळू. हा उतार तिथे इतक्या कायदेशीर रीतीने आणि इतक्या टप्प्याटप्प्याने तयार झाला की, त्यात प्रत्येक निर्देशांकाची ताकद आणि उणीव स्पष्ट दिसते.

२०१० च्या एप्रिलमध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीला पक्षयादीवर सुमारे ५३ टक्के मते मिळाली. निवडणूक निर्विवाद मुक्त होती. त्या वेळच्या पद्धतीमुळे या मतांचे ३८६ पैकी २६३ जागांत, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक बहुमतात रूपांतर झाले. हंगेरीत संसदेचे एकच सभागृह आहे आणि तिथे दोन तृतीयांश सदस्य राज्यघटना बदलू शकतात. नवी घटना तयार करण्याच्या प्रक्रियेला चार पंचमांश संमती हवी, अशी तरतूद पूर्वी केलेली होती. त्याच बहुमताने ती तरतूद काढून टाकली. २०११ मध्ये फिदेसने एकट्याच्या मतांवर नवी घटना मंजूर केली आणि २०१२ च्या १ जानेवारीला ती लागू झाली.

मग पंच बदलले. घटनात्मक न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्या ११ वरून १५ झाली. नामनिर्देशनासाठी पूर्वी पक्षांमध्ये सहमती लागत असे, ती अट गेली. सामान्य न्यायालयांत न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय एकदम ७० वरून ६२ करण्यात आले, त्यामुळे अनुभवी न्यायाधीशांची मोठी फळी एका झटक्यात बाहेर पडली. युरोपीय न्यायालयाने २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हा वयावरून केलेला भेदभाव असल्याचा निर्णय दिला. पण तोवर अनेक रिकाम्या जागा भरल्या गेल्या होत्या. निकाल विरोधात गेला, तरी परिणाम बऱ्याच अंशी शाबूत राहिला.

पुढे निवडणुकीचे नियम बदलले. संसद ३८६ वरून १९९ जागांची झाली. त्यातल्या १०६ मतदारसंघांच्या आणि ९३ पक्षयादीच्या. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या आणि दुसरी फेरी रद्द केली. दुसऱ्या फेरीत विखुरलेले विरोधक एकत्र येऊ शकत, ती वाट बंद झाली. हरलेल्या उमेदवाराची मते पक्षयादीत जोडून पक्षाला भरपाई देण्याची पद्धत आधीपासून होती. आता जिंकलेल्या उमेदवाराची विजयासाठी न लागलेली जादा मतेही त्याच्या पक्षाला मिळू लागली. शेजारच्या देशांतल्या हंगेरियन वंशाच्या नव्या नागरिकांना टपालाने मत देता येऊ लागले आणि त्यांची नव्वद टक्क्यांहून अधिक मते फिदेसला गेली. कामानिमित्त लंडनला गेलेल्या हंगेरियनाला मात्र मत देण्यासाठी दूतावासापर्यंत जावे लागे.

याचा हिशेब २०१४ मध्ये दिसला. फिदेसची मते ५३ वरून ४५ टक्क्यांवर आली, पण जागा मिळाल्या १३३. १९९ चे दोन तृतीयांश म्हणजे १३२.६७, म्हणून १३३ ही घटना बदलण्यासाठी लागणारी नेमकी किमान संख्या. एक जागा कमी असती तरी ते बहुमत गेले असते. विजेत्याला मिळणारी नवी भरपाई त्या एका जागेपुरती सहज पुरेशी होती.

इथे एक सावधगिरी हवी. मते आणि जागा यांतली तफावत हा एकाधिकारशाहीचा पुरावा नव्हे. भारतात २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या, ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर जवळपास ६३ टक्के जागा मिळाल्या. एका मताच्या आघाडीवरही जागा देणाऱ्या पद्धतीत असे होतेच. फरक पडतो तो नियम कोणी, केव्हा आणि कोणाच्या संमतीने बदलला यावर. दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असलेल्या नियमाने होणारे नुकसान एका निवडणुकीत एकाला सोसावे लागते, पुढच्या वेळी दुसऱ्याला. सत्तेत असलेल्याने एकट्याने आखलेला नियम एकाच बाजूला झुकतो.

अखेरचा टप्पा माध्यमांचा. पत्रकारांना तुरुंगात टाकण्याची वेळ आली नाही. सरकार देशातला सर्वांत मोठा जाहिरातदार होते आणि त्या जाहिराती स्नेही माध्यमांकडे वळल्या. ‘नेप्साबादशाग’ हे मोठे विरोधी दैनिक २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अचानक बंद झाले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी ४७० हून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे एका प्रतिष्ठानाला देऊन टाकली. सरकारने हा व्यवहार राष्ट्रीयदृष्ट्या महत्त्वाचा असल्याचे जाहीर करून त्याला स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून सूट दिली. २०२२ च्या प्रचारात एकजूट झालेल्या विरोधकांचे नेते पेतेर मार्की-झाय यांना सरकारी दूरचित्रवाणीवर बोलायला पाच मिनिटे मिळाली. फिदेसने ५४ टक्के मते आणि १३५ जागा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय संसदेने ठराव करून हंगेरीला ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ या अर्थाने संमिश्र राजवट म्हटले.

तरी सामना खरा होता. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये विरोधकांनी राजधानी बुडापेस्टचे महापौरपद जिंकले. त्यानंतर महामारीच्या काळात केंद्र सरकारने स्थानिक संस्थांचा वाहनकर काढून घेतला आणि राजकीय पक्षांना मिळणारा सरकारी निधी निम्मा केला. विरोधक जिंकले तर त्यांच्या हाती काय उरते, हाही उताराचाच भाग असतो.

मग निर्देशांक का भांडतात

आता सुरुवातीचे कोडे उलगडते. पॉलिटी सत्तेच्या औपचारिक रचनेकडे पाहते. हंगेरीत निवडणुका खुल्या होत्या, पंतप्रधान संसदेला उत्तरदायी होता, म्हणून १० गुण. इकॉनॉमिस्टच्या पाच गटांत मतदानाचा सहभाग आणि राजकीय संस्कृतीही मोजली जाते. पाचही गटांची सरासरी काढल्यामुळे एखाद्या गटातली घसरण एकूण निकालात सौम्य दिसते. व्ही-डेमचे बरेच प्रश्न माध्यमे, संघटना आणि न्यायालये यांवर रोखलेले आहेत, आणि हंगेरीत कुऱ्हाड पडली ती नेमकी तिथेच.

दुसरा वाद मोजणाऱ्यांबद्दलचा आहे. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग या अभ्यासकांनी म्हटले आहे की, सत्ताधारी किती वेळा हरतो यासारखी प्रत्यक्ष मोजता येणारी माहिती पाहिली तर जगभर लोकशाही ढासळत असल्याचा स्पष्ट पुरावा मिळत नाही. जाणकारच काळाच्या ओघात अधिक निराश झाले असतील, ही शक्यता त्यांनी मांडली. व्ही-डेमच्या गटाचे उत्तर असे की, आजचे राज्यकर्ते मतपेटीला हात न लावताच मैदान कलवतात, त्यामुळे दिसणारे आकडे सगळ्यांत उशिरा हलतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणून गुण ०.५ च्या आसपास असेल तेव्हा अनिश्चिततेचा पट्टा पाहायला हवा. पट्टा रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर नाव बदलले म्हणून देश बदलला असे धरता येत नाही.

भारताबाबतचा वाद याच जागी आहे. २०२१ मध्ये फ्रीडम हाउसने भारताचे गुण ७१ वरून ६७ केले आणि त्याला ‘अंशतः मुक्त’ ठरवले. त्याच महिन्यात व्ही-डेमने भारताला निवडणुका घेणारी एकाधिकारशाही म्हटले. इकॉनॉमिस्टच्या यादीत मात्र तो सदोष लोकशाहीच राहिला. भारत सरकारने हे निष्कर्ष दिशाभूल करणारे असल्याचे सांगितले आणि मोजक्या जाणकारांच्या मतांवर एवढा मोठा निष्कर्ष काढण्याला आक्षेप घेतला. २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, म्हणजे मतदाराचा कौल आकड्यांत उमटला. पण व्ही-डेमने गुण कापले ते मुख्यतः माध्यमे, अभिव्यक्ती आणि संस्था-संघटना यांबाबत. एक बाजू मतमोजणीकडे बोट दाखवते, दुसरी दोन निवडणुकांमधल्या काळाकडे. भारताबद्दल कुणी ठाम विधान केले, तर तो यातले काय मोजतो आहे, हे आधी विचारायला हवे.

मतमोजणी आणि मधला काळ या दोन्हींचा संबंध कसा आहे, हे आपल्याकडे एकदा दिसून आले आहे. आणीबाणी २१ महिने चालली. लोकसभेची मुदत वाढवली गेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते तुरुंगात होते. १९७५ च्या डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भीडपणे बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि सत्ताधारी हरले. सत्तांतराच्या नियमाने पाहिले तर ते लोकशाहीचे खणखणीत प्रमाण आहे. पण त्या नियमाला कराडचे व्यासपीठ दिसत नाही, अटकेचे वॉरंटही दिसत नाही. उलट केवळ त्या २१ महिन्यांवरून निकाल दिला असता, तर मतदार काय करणार आहे हे कुणालाच दिसले नसते.

म्हणून सत्ताधारी हरू शकतो का, हा प्रश्न एकटा पुरत नाही. त्याला हरवण्यासाठी उभे राहणाऱ्याला मधल्या काळात बोलता येते का, छापता येते का, न्याय मागता येतो का, आणि जिंकल्यावर त्याच्या हाती अधिकार उरतो का, हेही त्यासोबत विचारावे लागते. हंगेरीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर ‘होय’ होते, बाकीच्यांची उत्तरे बारा वर्षांत एकेक करून आक्रसत गेली. नाव लोकशाहीचे असो की संमिश्र राजवटीचे, ही आक्रसण कोणत्या प्रश्नापासून सुरू झाली हे ज्याला दाखवता येते, त्यानेच तो देश नीट वाचलेला असतो.